दुकानाचं काचेचं दार ‘आपोआप’ फुटतं तेव्हा

समजा, दुपारची वेळ आहे, दाराजवळ कुणी नाही आणि दुकानाचं काचेचं दार अचानक फुटून फूटपाथवर कोसळतं. शेजारून जाणाऱ्याच्या पोटरीला काप जातो. दार 12 मिमी टफन्ड काचेचं, फ्रेम नसलेलं, सहा वर्षं जुनं. दार धाडकन आपटतं म्हणून वर्षापूर्वी खालचा फ्लोअर स्प्रिंग, म्हणजे तेलाच्या दाबाने दार सावकाश बंद करणारं फरशीतलं यंत्र, बदललेला. तपासाला इथूनच सुरुवात करावी.

टफन्ड काच बनवताना ती सुमारे 620 अंशांपर्यंत तापवून हवेच्या झोतांनी झटकन थंड करतात. त्यामुळे बाहेरचे थर कायमचे दाबाखाली राहतात आणि मधला गाभा ताणाखाली. हा दाबाचा थर प्रत्येक बाजूला जाडीच्या साधारण एक पंचमांश, म्हणजे इथे अडीच मिमीच्या आसपास. तडा या थरात असेपर्यंत काच तग धरते. तो गाभ्यात उतरला की साठलेला ताण एकदम सुटतो आणि अख्खा पल्ला फुटतो. तुकडे बोथट असतात खरे, पण ते सगळे सुटे होत नाहीत. एकमेकांना चिकटलेल्या तुकड्यांचे जड गठ्ठेच्या गठ्ठे पडतात आणि जखम बहुधा त्यांनीच होते.

गाभ्यात तडा जाण्याचं एक कारण काचेतच असू शकतं: निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण. भट्टीतून निघालेली काच इतकी झटपट थंड होते की कणाला मूळ रूपात परतायला वेळ मिळत नाही. मग तो पुढे महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे हळूहळू बदलत फुगतो. दुसरं कारण म्हणजे कडेला बसलेला मार. 900 बाय 2100 मिमीचा हा पल्ला जवळपास 57 किलोचा. फ्लोअर स्प्रिंग बदलताना काचेचा कोपरा पकडणारं धातूचं पॅच फिटिंग सोडावं लागतं. परत बसवताना काच आणि धातूमधलं गॅस्केट राहिलं किंवा बोल्ट जास्त आवळला, तर धातू थेट काचेवर रुततो. तिथे पडलेली बारीक चीर दार आपटताना आणि ऊन-सावलीत थोडी थोडी आत सरकते.

कोणतं कारण, हे तुकडेच सांगतात, म्हणून झाडू फिरवण्याआधी फोटो काढावेत. तड्यांच्या रेषा पल्ल्याच्या मध्याकडे जुळत असतील आणि तिथे फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे सापडले, तर त्यांच्या सामाईक कडेवर भिंगाने पाहावं. जाडीच्या मधोमध काळसर ठिपका दिसला तर संशय निकेल सल्फाइडवर. तुकडे विखुरले असतील तर पॅचमध्ये अडकून राहिलेली काच तशीच ठेवावी. रेषा तिकडे जात असतील आणि कडेला शिंपल्यासारखा टवका असेल, तर दुरुस्तीचा हिशेब विचारावा. आपल्या दाराच्या इतिहासात मला हीच शक्यता जास्त वाटते.

नवी काच घेताना हीट सोक केलेली, म्हणजे कारखान्यात पुन्हा तापवून तपासलेली मागावी. त्या चाचणीत असे कण असलेल्या बऱ्याच काचा कारखान्यातच फुटतात. मात्र बसवताना लागलेला मार ती पकडू शकत नाही. फूटपाथला लागून दार असेल तर लॅमिनेटेड टफन्ड काच बरी, कारण फुटल्यावरही तुकडे मधल्या थराला चिकटून राहतात. आणि दार आपटू लागलं, खालची कड फरशीला घासू लागली किंवा स्प्रिंगभोवती तेल दिसलं, तर त्याच दिवशी ते वापरणं थांबवावं.