ऑस्कीच्या एका स्टेशनवर मार्क कसे पडतात: चेकलिस्ट, ग्लोबल रेटिंग आणि पासिंगची रेघ

आमच्या नर्सिंग कॉलेजात इंटर्नल ऑस्की, म्हणजे एकेका स्टेशनवर ठरावीक वेळेत एकेक काम करून दाखवायची प्रॅक्टिकल परीक्षा, झाल्यावर आम्ही मुलांना त्यांचे मार्कांचे कागद दाखवतो. तेव्हा एक तक्रार हमखास येते: "मॅडम, स्टेप्स तर सगळ्या टिक झाल्यात, मग खाली 'काठावर'ला गोल का?" हा खालचा गोल म्हणजे ग्लोबल रेटिंग. तो कशासाठी असतो हे परीक्षेआधी कुणी नीट सांगत नाही, म्हणून हे लिहितेय.

आधी कागदपत्रं आणि पात्रता उरकू. भारतीय परिचर्या परिषदेच्या सेमिस्टर पद्धतीच्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात प्रॅक्टिकलचे दोन भाग आहेत. एक ऑस्की, आणि दुसरा प्रत्यक्ष रुग्णाजवळ उभं राहून पाहिलं जाणारं काम, ज्याला डीओपी म्हणतात. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत किमान ८० टक्के हजेरी लागते. पदवी हातात पडण्याआधी मात्र प्रत्येक क्लिनिकल विभागाची हजेरी १०० टक्के भरून द्यावी लागते, त्यामुळे आजारपणात बुडलेल्या पोस्टिंगचे दिवस पुढच्या सेमिस्टरवर ढकलत बसू नका. पास व्हायला थिअरीत आणि प्रॅक्टिकलमध्ये वेगवेगळे ५० टक्के हवेत. एका दिवसात २० पेक्षा जास्त विद्यार्थ्यांची प्रॅक्टिकल घेता येत नाही आणि एक इंटर्नल, एक एक्स्टर्नल असे दोन परीक्षक मिळून ती घेतात.

परीक्षेच्या दिवशी हॉल तिकीट, कॉलेजचं ओळखपत्र आणि सह्या पूर्ण असलेलं लॉगबुक जवळ ठेवा. सगळ्यात जास्त अडतं ते लॉगबुकवर. प्रोसिजर केलेली असते, पण त्या दिवशीच्या वॉर्ड इन्चार्ज सिस्टरची सही घ्यायची राहिलेली असते. सेकंदकाटा असलेलं घड्याळ घाला. मोबाइल बाहेर ठेवावा लागतो आणि नाडी मोजायला भिंतीवरचं घड्याळ दिसेलच असं नाही.

आता स्टेशन. उदाहरणाला महिला रुग्णाचं कॅथेटरायझेशन घेऊ, डमीवर, दहा मिनिटांचं, २० मार्कांचं. दाराबाहेर लावलेली सूचना वाचायला एक मिनिट मिळतं. बेल वाजली की आत जायचं. परीक्षक कोपऱ्यात बसलेले असतात आणि काही बोलत नाहीत. त्यांच्या हातातल्या चेकलिस्टमध्ये रुग्णाची ओळख पटवणं, समजावून संमती घेणं, हात धुणं, स्टराइल ग्लोव्हज, समोरून मागे अशी स्वच्छता, कॅथेटर घालणं, लघवी आल्यावर तो आणखी थोडा आत सरकवून मगच स्टराइल वॉटरने बलून फुगवणं, मांडीला फिक्स करणं, नोंद करणं अशा ओळी असतात. प्रत्येक ओळीसमोर केलं, अर्धवट केलं, केलं नाही. परीक्षक तुमच्यासोबतच टिक करत जातात, नंतर आठवून नाही.

चेकलिस्टची ताकद अशी की नाशिकचा एक्स्टर्नल असो की कोल्हापूरचा, हात धुतले की नाही यावर दोघांचं उत्तर एकच येतं. तिचा दुबळेपणाही तिथेच आहे. काम झालं की नाही एवढंच ती विचारते.

आमच्याकडचाच एक प्रसंग सांगते. दोन मुली पाठोपाठ याच स्टेशनवर आल्या आणि दोघींचाही कॅथेटर पहिल्यांदा डमीच्या योनिमार्गात गेला. लघवी आली नाही. पहिली थांबली, तो कॅथेटर तिथेच खूण म्हणून राहू दिला, दुसरा स्टराइल कॅथेटर मागून घेतला आणि वरच्या मार्गात बरोबर घातला. यात वेळ गेला आणि फिक्सिंग, नोंद राहून बेल वाजली. मार्क १४. दुसरीने तोच कॅथेटर बाहेर काढला आणि तसाच मूत्रमार्गात सरकवला. पुढचं सगळं वेळेत केलं, निर्जंतुकतेच्या ओळीचे दोन मार्क गेले. मार्क १८. खऱ्या रुग्णात यातली कोण जंतुसंसर्ग घरी पाठवेल हे नर्सला सांगायला नको. परीक्षकांनी ग्लोबल रेटिंगमध्ये पहिलीला 'पास' दिलं, दुसरीला 'स्पष्ट नापास'.

ग्लोबल रेटिंग म्हणजे हेच: टिका बाजूला ठेवून, ही विद्यार्थिनी उद्या वॉर्डात हे काम सुरक्षितपणे करेल का, याचं एका शब्दात उत्तर. आमच्या कागदावर चार पायऱ्या आहेत: १ स्पष्ट नापास, २ काठावर, ३ पास, ४ उत्तम. परीक्षकाने मार्कांची बेरीज करण्याआधी हा गोल करायचा असतो. बेरीज आधी केली की गोल आपोआप बेरजेमागे जातो आणि मग त्याचा काही उपयोग राहत नाही. इथे बरेच एक्स्टर्नल चुकतात. शेवटी सगळे कागद एकत्र घेऊन बसतात आणि १५ च्या वर 'पास', खाली 'काठावर' असं सरसकट उरकतात.

हा गोल तुमच्या मार्कांत मिळवत नाहीत. त्यातून स्टेशनची पासिंगची रेघ काढतात. समजा २० विद्यार्थ्यांपैकी तिघांना १ मिळालं आणि त्यांच्या मार्कांची सरासरी ८ आली. चौघं काठावर, सरासरी १२. नऊ जणांना ३, सरासरी १४. चौघं उत्तम, सरासरी १८. सोपी रीत म्हणजे काठावरच्यांची सरासरी हीच रेघ, म्हणजे १२. पण चारच जणांवर रेघ ओढली की एकाच्या वाईट दिवसाने ती हलते. म्हणून सगळ्या वीस जणांचे आकडे वापरून सरळ रेषा बसवतात आणि 'काठावर' म्हणजे २ या जागी ती किती मार्क दाखवते ते बघतात. एक्सेलमध्ये A स्तंभात रेटिंग आणि B मध्ये मार्क असतील तर

```
=FORECAST(2,B2:B21,A2:A21)
```

वरच्या आकड्यांवर उत्तर साधारण ११.३ येतं.

यात एक गोष्ट समजून घ्या. विद्यापीठाच्या परीक्षेत नियम ५० टक्क्यांचा आहे, म्हणजे या स्टेशनवर १० ला समतुल्य. कॉलेजने ११.३ काढलं म्हणून तो नियम बदलत नाही. इंटर्नलमध्ये मात्र ही रेघ स्टेशनबद्दल सांगते. ११.३ म्हणजे स्टेशन जरा सोपं होतं, १० मिळवणाऱ्यांत परीक्षकाला खात्री न वाटलेली मुलं असू शकतात. रेघ ८ वर आली असती तर उलट, चेकलिस्ट निष्कारण कडक होती. आणि मार्क जास्त, रेटिंग कमी अशी जोडी वारंवार दिसली, तर दोष बहुधा मुलांचा नसतो, चेकलिस्टमधून मुद्द्याची ओळ सुटलेली असते. आमच्या स्टेशनवर तेच झालं होतं. आता 'चुकीच्या जागी गेलेला कॅथेटर पुन्हा वापरला नाही' ही ओळ तारांकित आहे. ती चुकली तर बाकी कितीही टिका असोत, इंटर्नलला ते स्टेशन नापास.

तारांकित ओळी असतात हे विद्यार्थ्यांना ऑस्कीच्या सूचनापत्रात आधीच सांगितलेलं असायला हवं. सांगितलं नसेल तर वर्ग समन्वयकांना विचारा, तो तुमचा हक्क आहे. इंटर्नलचा कागद बघायला मिळाला की बेरजेआधी गोल आणि टिका यांचा मेळ बसतो का ते पाहा. १८ मार्क आणि गोल १ वर असेल, तर कोणती ओळ टिक झाली पण कशी झाली, हे परीक्षकाला त्याच दिवशी विचारा. आठवड्याने विचारलं तर त्यांना तुमचा चेहरा आठवेल, हात नाही आठवणार.