आधी कोड आला, तारीख नंतर

डबाबंद किंवा पाकीटबंद वस्तूच्या तळाशी, झाकणावर किंवा शिवणीजवळ ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत दोन ओळी छापलेल्या असतात. एक वाचता येते, ती तारीख. दुसरी वाचता येत नाही, तो बॅच कोड. आपण पहिली पाहतो आणि दुसरी सोडून देतो. इतिहासात मात्र क्रम उलटा होता. कोड कितीतरी आधी आला आणि तो गिऱ्हाइकाने वाचू नये अशाच बेताने लिहिला जात होता.

कारखान्यात पत्र्याचे डबे सीलबंद होऊ लागले तेव्हा झाकणावर साच्याने अक्षरे उमटवण्याची पद्धत पडली. पत्रा दाबून अक्षर उठवायचे तर जागा चार-सहा अक्षरांचीच मिळते आणि बदल करायचा तर साचा बदलावा लागतो. म्हणून कोड आखडता झाला: माल कोणता, कारखाना कोणता, वर्ष कोणते, दिवस कोणता, एवढेच. दिवसासाठी महिना आणि तारीख लिहिण्याऐवजी वर्षाचा कितवा दिवस ते लिहिले की तीन अंकांत काम भागते. कारखान्यांत याला ‘ज्युलियन तारीख’ म्हणतात. नाव चुकीचे आहे. खरी ज्युलियन दिवसगणना खगोलशास्त्रज्ञांची. स्कॅलिजर या विद्वानाने १५८३ मध्ये मांडलेल्या कालचक्रावर ती उभी आहे आणि तिचा आकडा आता लाखांत जातो. पण चुकीचे नाव रुजले की रुजले.

गुप्ततेमागे जागेची अडचण जेवढी होती, तेवढाच धंद्याचा हिशेब होता. तारीख उघड दिसली तर गिऱ्हाईक मागचा ताजा डबा ओढून घेणार आणि पुढचा तसाच पडून राहणार. कोड मात्र कंपनीचा विक्रेता वाचू शकत होता आणि जुना माल पुढे सरकवू शकत होता. थोडक्यात, माहिती होती, पण काउंटरच्या पलीकडच्या बाजूला.

या कोडचा खरा उपयोग काय, हे अमेरिकेत १९७१ च्या उन्हाळ्यात दिसले. न्यूयॉर्कजवळच्या एका दांपत्याने बॉन व्हिव्हां कंपनीचे व्हिशिस्वाझ नावाचे बटाट्याचे डबाबंद थंड सूप खाल्ले. नवरा बॉट्युलिझम या विषबाधेने दगावला, बायको गंभीर आजारी पडली. बॉट्युलिझमचे जंतू हवा नसलेल्या बंद डब्यात वाढतात आणि त्यांचे बीजाणू नेहमीच्या उकळीने मरत नाहीत. डबा दाबाखाली पुरेसा वेळ तापवावा लागतो. त्यामुळे प्रश्न एका डब्याचा नव्हता, त्याच्याबरोबर भट्टीत गेलेल्या सगळ्या डब्यांचा होता. ते ओळखायचे कशावरून? झाकणावरच्या `V-141/USA-71` या कोडवरून. V म्हणजे त्या सूपच्या नावाचे आद्याक्षर, 71 हे वर्ष, आणि 141 हा वर्षातला दिवस धरला तर २१ मे येतो.

त्या बॅचमध्ये ६,४४४ डबे होते. परत आलेल्या पहिल्या ३२४ डब्यांपैकी पाच डब्यांत विष सापडले. पुढे तपासात कारखान्याची डबे तापवण्याची पद्धतच अपुरी असल्याचे दिसले आणि एका बॅचपुरती असलेली डबे परत मागवण्याची मोहीम कंपनीच्या सगळ्या मालापर्यंत पसरली. महिन्याभरात कंपनी दिवाळखोरीत गेली. कोडची मर्यादाही इथेच कळते. दोष एका बॅचचा असेल तर कोड नुकसान तेवढ्यापुरते रोखतो. दोष पद्धतीतच असेल तर कोणता कोड सुरक्षित हे कोणालाच सांगता येत नाही.

अकरा वर्षांनी अशाच कोडने उलट बाजूचे काम केले. १९८२ च्या सप्टेंबरअखेरीस शिकागोच्या आसपास टायलेनॉल या वेदनाशामकाच्या कॅप्सूल घेतलेल्या सात जणांचा सायनाइडने मृत्यू झाला. पहिला इशारा `MC2880` या बॅचबद्दल दिला गेला. ती पेनसिल्व्हेनियातल्या कारखान्यात बनली होती. मग विषारी बाटली `1910MD` या बॅचमध्येही सापडली, आणि ती बनली होती टेक्ससमध्ये. दोन वेगळे कारखाने आणि बळी मात्र एकाच शहराच्या परिसरात. म्हणजे विष कारखान्यात मिसळलेले नव्हते, बाटल्या दुकानांच्या फळ्यांवर पोहोचल्यावर कोणीतरी त्या उघडल्या होत्या. हा निष्कर्ष तारखेवरून कधीच निघाला नसता. तारीख सांगते वस्तू किती दिवसांची आहे; कोड सांगतो ती कुठून आणि कोणाबरोबर आली.

उघड तारखेचा आग्रह मात्र गिऱ्हाइकांचा, आणि तो १९७० च्या दशकातला. घरी माल पिकवणारे कमी झाले होते, सुपरमार्केटमधल्या डब्याचे वय कोणाला विचारणार? न्यूयॉर्क राज्याच्या ग्राहक संरक्षण मंडळाने डब्यांवरचे कोड कसे उलगडायचे याची पुस्तिका काढली, तर दहा हजारांहून जास्त लोकांनी ती मागवली. कोड उलगडण्यासाठी लोक सरकारी पुस्तिका मागवतात हे पाहिल्यावर तारीख लपवण्यात फार अर्थ उरला नव्हता. ब्रिटनमध्ये याच सुमारास मोठ्या दुकानांनी गोदामात वापरायच्या ‘अमुक तारखेपर्यंत विका’ या तारखा थेट पाकिटावर आणल्या. गोंधळाचे बीज तिथेच पडले. ती सूचना दुकानातल्या माणसासाठी होती, आणि वाचू लागला घरचा माणूस.

युरोपात १९७८ च्या निर्देशाने पाकिटावर टिकाऊपणाची तारीख घालणे बंधनकारक झाले: या तारखेपर्यंत नीट ठेवलेली वस्तू आपले गुण राखील. हीच ‘बेस्ट बिफोर’. तिचा रोख चव, कुरकुरीतपणा, रंग यांवर आहे. पण ताजे मांस, मासे अशा वस्तूंच्या बाबतीत तारीख उलटल्यावर चव नव्हे, तब्येत बिघडते. त्यासाठी १४ जून १९८९ च्या निर्देशाने ‘यूज बाय’ ही वेगळी तारीख आणली. आणि त्याच दिवशी निघालेल्या दुसऱ्या निर्देशाने बॅचची खूणही बंधनकारक केली. ती खूण इतर आकड्यांपासून वेगळी ओळखू यावी म्हणून तिच्याआधी `L` हे अक्षर लावायचे. अनेक पाकिटांवर दिसणारा L तो हा, ‘लॉट’चा.

त्या नियमात एक पळवाट आहे, आणि ती मुद्दाम ठेवलेली आहे. टिकाऊपणाच्या तारखेत दिवस आणि महिना दोन्ही असतील तर वेगळा बॅच नंबर देण्याची गरज नाही. मग तारीखच बॅच ठरते. अशा वस्तूत खोट निघाली तर ती तारीख असलेला सगळाच माल परत घ्यावा लागतो, कारण सकाळची पाळी आणि रात्रपाळी वेगळी काढायला काही खूणच नसते. जागरूक उत्पादक म्हणून तारखेपुढे तास-मिनिटेही छापतात.

आता एक कल्पित पाकीट घेऊ. त्यावर `L4129B 14:32` आणि खाली `08.05.2026` एवढेच आहे. L सोडून द्या. 4 हा वर्षाचा शेवटचा अंक: २०१४ किंवा २०२४. 129 हा वर्षातला दिवस. २०२४ लीप वर्ष, एप्रिलअखेर १२१ दिवस होतात, म्हणजे १२९ वा दिवस ८ मे. (साध्या वर्षात तोच ९ मे झाला असता, कोड वाचताना सर्वांत जास्त चुका या एका दिवसाच्या होतात.) B ही पाळी किंवा यंत्राची ओळ, आणि 14:32 ही भरण्याची वेळ.

खालची तारीख कशी वाचायची हा खरा पेच. ८ मे की ५ ऑगस्ट? दिवस आधी लिहिणारे देश आहेत आणि महिना आधी लिहिणारेही. इथे कोड मदतीला येतो. ८ मे २०२४ ला भरलेल्या मालाला बरोबर दोन वर्षे दिली तर ८ मे २०२६ येते. ५ ऑगस्ट खरी असती तर कोडमध्ये 218 दिसायला हवा होता. जाताजाता २०१४ चाही निकाल लागला, कारण बारा वर्षांची मुदत कोण देणार? उत्पादनाची तारीख पाकिटावर न छापताही हाती आली.

हा हिशेब नेहमी जुळेलच असे नाही. कोडची मांडणी प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. कोणी वर्षाचा अंक शेवटी टाकतो, कोणी महिन्याला A पासून L पर्यंत अक्षरे देतो, आणि त्यातही I हा १ सारखा दिसतो म्हणून अनेक जण तो गाळतात. मग पुढची सगळी अक्षरे एकेक घर सरकतात. तीन अंक ३६६ च्या वर गेले तर तो दिवस नव्हे, एवढे नक्की. वेगवेगळ्या वेळी घेतलेली एकाच वस्तूची दोन पाकिटे शेजारी ठेवली तर काय बदलते आणि काय तसेच राहते ते दिसते. तसेच राहते तो बहुधा कारखाना, बदलतो तो दिवस.

ठिपक्यांची अक्षरे कुठून आली, तेही इथेच सांगून टाकतो. १९६० च्या दशकात स्टॅनफर्डला रिचर्ड स्वीट यांनी शाईच्या धारेचे थेंब करून त्यांना विद्युतभार देऊन वळवण्याची युक्ती बसवली. त्यावर बेतलेली यंत्रे धावत्या पट्ट्यावरच्या डब्याला न शिवता छापू लागली. साचा गेला आणि दर मिनिटाला मजकूर बदलणे शक्य झाले. मिनिटापर्यंतची वेळ छापण्याची सोय त्यातूनच आली. तोटा एवढाच, की ही शाई चोळली तर फिकी पडते. पत्र्यात उठवलेले अक्षर पुसता येत नव्हते. तारखेच्या जागी पुसल्याचा डाग आणि वर वेगळ्या ठिपक्यांची तारीख दिसली तर ते पाकीट परत ठेवलेले बरे.

औषधांच्या तारखेची जात निराळी. अमेरिकेत १९७८ च्या नियमांनी एक्स्पायरी डेट साठवणुकीच्या चाचण्यांवर आधारलेली असणे बंधनकारक झाले. ठरावीक तापमानात औषध ठेवून ठरावीक काळाने त्यातला मूळ घटक मोजतात. नुसता महिना आणि वर्ष छापलेले असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत ते चालते.

आणि जुना गुप्त कोड पूर्ण गेला असे समजू नका. युरोपीय नियमांत ३० महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांवर तारीख घालावीच लागत नाही. त्याऐवजी २००५ पासून उघड्या डबीचे चित्र आणि त्यात `12M` असे छापतात: उघडल्यापासून बारा महिने. डबी बंद असताना किती काळ पडून होती, हे त्या चित्रात नाही. ते तळाशी असलेल्या बॅच कोडमध्ये आहे, आणि तो कसा वाचायचा हे कंपनीलाच ठाऊक असते.