प्रमोशन मिक्समधली चार साधनं आणि त्यांची सरमिसळ

बारावी वाणिज्य आणि बी.कॉम.च्या पेपरात एक छोटा प्रसंग देऊन त्यात जाहिरात, वैयक्तिक विक्री, विक्रयवृद्धी आणि प्रसिद्धी यांपैकी प्रमोशनचं कोणतं साधन आहे ते ओळखायला सांगतात, आणि मुलं बहुतेक वेळा विक्रयवृद्धीपाशी अडखळतात. याचं मूळ व्याख्या कशा घडल्या यात आहे.

व्यावसायिक म्हणजे निरनिराळे घटक मिसळणारा माणूस, ही कल्पना जेम्स कलिटन यांनी 1948 मध्ये मांडली. तिच्यावरून नील बोर्डन यांनी ‘मार्केटिंग मिक्स’ हा शब्दप्रयोग रूढ केला. त्यांच्या यादीत वैयक्तिक विक्री आणि जाहिरात हे वेगवेगळे घटक होते. 1960 मध्ये जेरोम मॅकार्थी यांनी सगळं प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस आणि प्रमोशन या चार ‘पी’मध्ये बसवलं आणि ही साधनं ‘प्रमोशन’ या एकाच खान्यात आली.

त्याच वर्षी अमेरिकन मार्केटिंग असोसिएशनने व्याख्यांचा संग्रह काढला. आपल्याकडच्या गाईडांतली वाक्यं बरीचशी तिथूनच आलेली आहेत. ओळख सांगणाऱ्या प्रायोजकाने पैसे देऊन केलेली, प्रत्यक्ष भेटीविना होणारी मांडणी म्हणजे जाहिरात. विक्रीसाठी संभाव्य ग्राहकाशी तोंडी बोलणं म्हणजे वैयक्तिक विक्री. प्रायोजकाने पैसे न देता माध्यमात आलेली व्यापारीदृष्ट्या महत्त्वाची बातमी म्हणजे प्रसिद्धी. विक्रयवृद्धीची व्याख्या मात्र उरलेल्यावर केली: या तिघांव्यतिरिक्त ग्राहकाची खरेदी आणि दुकानदाराची कार्यक्षमता वाढवणारं जे काही असेल ते. उदाहरणांत मांडणी, प्रदर्शनं आणि प्रात्यक्षिकंही होती. ‘अल्प मुदतीचं प्रलोभन’ या गाभ्यावर भर नंतरच्या पाठ्यपुस्तकांनी दिला. त्यामुळे आज दोन्ही तऱ्हेची उत्तरं छापलेली सापडतात.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावातलं कृषी सेवा केंद्र घेऊ. कपाशीवर फवारणी सुरू व्हायच्या आधी तिथल्या दुकानदाराला बॅटरीवरचे फवारणी पंप विकायचे आहेत. एसटी स्टँडजवळच्या भिंतीवर तो दुकानाच्या नावासह पंपाचं चित्र रंगवून घेतो आणि आठवडी बाजाराच्या दिवशी भाड्याच्या ऑटोवर भोंगा फिरवतो. दोन्हींसाठी पैसे मोजले, नाव उघड आहे आणि ऐकणाऱ्याला परत प्रश्न विचारता येत नाही. ही जाहिरात. भोंग्यात माणसाचा आवाज आहे म्हणून पुष्कळ जण ‘वैयक्तिक विक्री’ लिहितात, पण आवाज असणं वेगळं आणि बोलणं दोन्ही बाजूंनी होणं वेगळं.

दुकानातला मुलगा शेतावर जातो. “काका, तुमची कपाशी किती एकर?” असं विचारून एकरांप्रमाणे पंपाची टाकी सुचवतो, बॅटरीबद्दलची शंका तिथंच सोडवतो. ही वैयक्तिक विक्री. समोरच्याच्या उत्तरावरून बोलणं बदलतं, ही तिची खूण. ‘पंधरा दिवसांत पंप घेणाऱ्याला मास्क, हातमोजे आणि गॉगल मोफत’ ही विक्रयवृद्धी, कारण मुदत ठरलेली आहे आणि वस्तूव्यतिरिक्त काही मिळतं आहे.

नेमका याच ठिकाणी प्रश्न फसवतो. ही योजना त्याच भिंतीवर रंगवली तर? रंगवलेली भिंत जाहिरात, तिच्यातली योजना विक्रयवृद्धी. प्रश्नात ‘योजना देऊ केली’ असेल तर विक्रयवृद्धी लिहा आणि ‘योजना लोकांना कळवली’ असेल तर जाहिरात. प्रसंगातलं क्रियापद इथं निकाल देतं.

आता प्रसिद्धी. दुकानदाराने सुरक्षित फवारणीचं शिबिर घेतलं आणि बातमीदाराने आपणहून बातमी दिली. पैसे दिले नाहीत, मजकूरही हातात नव्हता. त्याच बातमीदाराला पंप गळताना दिसला असता तर तेही छापून आलं असतं, आणि तीही प्रसिद्धीच ठरली असती. नियंत्रण नसणं हे मुलांच्या उत्तरात क्वचितच येतं. उलट, पैसे मोजून बातमीच्या साच्यात छापून घेतलेला मजकूर दिसायला बातमी असला तरी प्रसिद्धीत बसत नाही.

राहिलं शिवारातलं प्रात्यक्षिक. जमलेल्या वीस-पंचवीस शेतकऱ्यांसमोर पंप चालवून दाखवला, तर 1960 च्या व्याख्येनुसार ती विक्रयवृद्धी. प्रलोभनावर भर देणारं पुस्तक वापरणारा परीक्षक मात्र ‘यात सवलत कुठे?’ असं विचारू शकतो. नंतर त्यातल्याच एका शेतकऱ्याला बाजूला घेऊन सौदा ठरवला, तर तेवढा भाग वैयक्तिक विक्रीचा. अशा प्रश्नात नुसतं नाव लिहून थांबू नये. प्रसंगातला कोणता तपशील धरला ते एका वाक्यात लिहावं: ‘सर्वांसाठी, एकदाच, नेहमीच्या विक्रीबाहेर केलेलं प्रात्यक्षिक, म्हणून विक्रयवृद्धी’, किंवा ‘एका ग्राहकाशी समोरासमोर बोलून सौदा ठरवला, म्हणून वैयक्तिक विक्री’.