अणू तेच, उकळण्यात ८३ अंशांचा फरक

कोल्हापुरात एप्रिल-मेच्या दुपारी पारा सहज ३७-३८ अंशांवर जातो. अशा दिवसांत प्रयोगशाळेत डायइथाइल ईथरची बाटली सांभाळावी लागते, कारण ईथर ३४.६ अंशांनाच उकळतं. हा आकडाही समुद्रसपाटीचा झाला. आपलं शहर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर, हवेचा दाब थोडा कमी, त्यामुळे इथे ते आणखी दीड-दोन अंश आधीच उकळायला लागतं. त्याच फळीवर ब्युटेनॉल या अल्कोहोलची बाटली मात्र निवांत असते. ते उकळायला ११८ अंश लागतात.

दोन्ही बाटल्यांतल्या रेणूंचं सूत्र एकच आहे: C₄H₁₀O. तेवढेच अणू, तेवढंच वजन. शेजारी पेंटेन हा अल्केन ठेवला तर त्याचंही रेणुवस्तुमान जवळपास तेवढंच, ७२. या दोघांचं ७४. पेंटेन उकळतो ३६ अंशांना, म्हणजे ईथरच्या अगदी शेजारी. अल्कोहोल एकटंच एवढं वर का, हा बारावीच्या पेपरात तीन-चार ओळींत सोडवायचा प्रश्न आहे, आणि तो नीट समजून घेण्याजोगा आहे.

द्रव उकळतो तेव्हा रेणू तुटत नाहीत, एकमेकांपासून सुटतात. उत्तरपत्रिकेत ‘उकळताना बंध तुटतात’ एवढंच लिहिलं की घोटाळा होतो. कार्बन-कार्बन बंध जसेच्या तसे राहतात. सुटते ती शेजाऱ्याची पकड. पेंटेनमध्ये ही पकड फक्त व्हॅन डर वाल्स बलांची असते. ब्युटेनॉलमध्ये ती असतेच, शिवाय हायड्रोजन बंधही असतो. त्यातला एक हायड्रोजन थेट ऑक्सिजनला जोडलेला आहे. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, हायड्रोजन धन होतो आणि शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनला धरून ठेवतो.

ही पकड किती, ते मोजता येतं. एक मोल पेंटेनची वाफ करायला साधारण २६ किलोज्यूल ऊर्जा लागते, ईथरला २७ आणि ब्युटेनॉलला ५२. वरचे पंचवीसेक किलोज्यूल म्हणजे ढोबळमानाने रेणूमागे एक हायड्रोजन बंध. ब्युटेनॉलच्या रेणूत पुढे करता येईल असा हायड्रोजनही एकच असतो. हिशेब असा जुळतो, हे मला फार आवडतं.

मग ईथरचं काय? ‘ईथरमध्ये हायड्रोजन नाही’ असं मुलं लिहितात, ते चूक. हायड्रोजन दहा आहेत, पण सगळे कार्बनला चिकटलेले, म्हणून पुरेसे धन नाहीत. ऑक्सिजन आहे, पण त्याला धरायला शेजाऱ्याकडे योग्य हायड्रोजनच नाही. ईथर किंचित ध्रुवीय असतं, तरी त्याने उत्कलनबिंदू फारसा वर जात नाही. ‘ईथर नेहमी अल्केनच्या खाली’ असा नियम मात्र करू नये. मिथाइल प्रोपाइल ईथरचं सूत्रही C₄H₁₀O च, पण ते ३९ अंशांना उकळतं, पेंटेनच्या वर. ही दोघं बरोबरीची म्हणावीत.

दुसरा धागा पृष्ठफळाचा. पेंटेनचेच अणू घेऊन फांद्या असलेला रेणू केला, तर आयसोपेंटेन २८ अंशांना उकळतो आणि चारही बाजूंनी गुंडाळलेला निओपेंटेन साडेनऊ अंशांनाच. दोन उदबत्त्या शेजारी ठेवल्या तर लांबीभर टेकतात, दोन गोट्या एकाच बिंदूला. व्हॅन डर वाल्स बलं टेकलेल्या भागातच काम करतात, म्हणून गोल रेणूंची पकड ढिली पडते. कोल्हापूरच्या थंडीतही निओपेंटेन वायूच राहील.

अल्कोहोललाही हे लागू आहे. सरळ साखळीचं ब्युटेनॉल ११८ अंशांना उकळतं, तर तृतीयक ब्युटेनॉल ८२ अंशांना. त्यात OH गट शाबूत आहे, पण रेणू गोलसर झाला आणि आजूबाजूच्या मिथाइल गटांनी ऑक्सिजनची वाटही अडवली. एवढं होऊनही ते पेंटेनच्या ४६ अंश वर आहे. म्हणून उत्तर लिहिताना आधी हायड्रोजन बंध पाहावा. तो दोन्हीकडे असेल किंवा दोन्हीकडे नसेल, तेव्हा पृष्ठफळ निर्णय देतं. ही पद्धत रेणुवस्तुमानं जवळपास सारखी असतील तेव्हाचीच, कारण साखळी पुरेशी लांब झाली की अल्केनही ब्युटेनॉलच्या वर उकळतो; ऑक्टेन १२६ अंशांना उकळतो.

आता तीच दोन C₄H₁₀O पाण्यात टाकून पाहा. १०० मिलिलीटर पाण्यात ईथर सहा-सात ग्रॅम विरघळतं आणि ब्युटेनॉल सात-आठ ग्रॅम, म्हणजे जवळपास सारखंच. पेंटेन जवळजवळ विरघळतच नाही. ईथरला स्वतःच्या शेजाऱ्याकडून न मिळालेला हायड्रोजन इथे पाणी पुरवतं.