'काही नवीन?' या प्रश्नामागची गोष्ट

माझ्या आजीचा संसार गिरगावातल्या चाळीतल्या दोन खोल्यांत झाला. सासू, दोन जावा, एक नणंद आणि पोरंटोरं, सगळी तिथेच. कावळा शिवला की आजी गॅलरीच्या दारापाशी बसायची. तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, आणि खुंटीवरची एक काळी घोंगडी फक्त त्या दिवसांसाठी. एखाद्या महिन्यात ती घोंगडी खुंटीवरून उतरली नाही की घराला जे कळायचं ते कळायचं. "मला कुणी कधी विचारलंच नाही," आजी म्हणायची. "विचारायचं काय? घोंगडी सांगायची."

बाळ राहत नाही किंवा पोटात टिकत नाही, आणि वर नातेवाईक विचारत राहतात, या दुखण्याबद्दल बोलताना मला ही घोंगडी नेहमी आठवते. आपण समजतो की असले प्रश्न ही जुनी सवय आहे आणि आपण तेवढे आधुनिक झालो. माझ्या मते प्रश्न जुना असला तरी त्याचं आजचं रूप बरंच नवं आहे.

जुन्या घरात बाईच्या शरीराची बातमी सगळ्यांची असायची. त्यात माया होती तशी क्रूरताही होती. ज्या बाईची कूस उजवली नाही तिला ओटी भरायला पुढे बोलवत नसत, आणि 'वांझ' हा शब्द तिच्या पाठीमागे, कधी तोंडावरही, उच्चारला जायचा. त्यामागे खरी धमकीही होती. मुंबई इलाख्यात हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला १९४६ च्या कायद्याने बंदी आली, देशभर ती १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने आली. त्याआधी मूल नाही म्हणून घरात सवत येऊ शकत होती. आजीच्या पिढीला 'अजून काही नाही का?' या चौकशीत हे सगळं ऐकू यायचं.

पण त्याच घरात गमावलेलं मूल लपवलेलं नसायचं. म्हाताऱ्या बायका हिशेब सांगताना म्हणत, "मला नऊ झाली, पाच राहिली." ती चारही मोजणीत असायची. त्यातली काही जन्मून गेलेली, काही पाचव्या-सहाव्या महिन्यातच गेलेली, पण सगळी धरलेली. गर्भ टिकेल की नाही ही भीती तर इतकी जुनी की आश्वलायन गृह्यसूत्र या प्राचीन ग्रंथात मुलगा व्हावा म्हणून करायच्या पुंसवनाच्या जोडीला 'अनवलोभन' येतं, म्हणजे गर्भ गळून पडू नये म्हणून करायचा संस्कार. आपल्याकडच्या चोरओटीतही तीच भीती आहे. डोहाळजेवण वाजतगाजत, पण त्याआधी तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला घरातल्या घरात, गाजावाजा न करता भरायची ती चोरओटी. बाहेर सांगायचं नसे, पण घरातल्या चार बायकांना माहीत असे. बाळ गेलं तर त्या चौघी असायच्या.

चाळीतून ब्लॉकमध्ये गेल्यावर हे मोडलं. बाजूला बसणं बंद झालं, आणि ते बंद झालं हे फार चांगलं झालं. नोकरी करणारी बाई चार दिवस दाराशी बसणार तरी कशी? घोंगडी गेली, तशी घराला आपोआप कळणारी बातमीही गेली. आता सासूलाही विचारावं लागतं, आणि विरारच्या आत्यालाही. पूर्वी जे दिसत होतं त्याची जागा तोंडी चौकशीने घेतली, आणि 'काही नवीन?', 'गोड बातमी कधी?', 'आता पाळणा हलू दे' ही वाक्यं नमस्काराइतकी सरावाची झाली.

दुसरा बदल केमिस्टच्या दुकानातून आला. पूर्वी पाळी चुकल्यावर दुसरा महिना उलटेपर्यंत कुणी 'दिवस राहिले' म्हणत नसे. आठ-दहा दिवस उशिरा, जरा जास्त अंगावर गेलं, तर पाळी उशिरा आली असंच धरत. आता पाळी चुकली त्याच आठवड्यात दोन रेघा दिसतात आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके दिसतात. ज्या गर्भधारणा कळून येतात त्यातल्या शंभरात साधारण दहा ते वीस आपसूक संपतात, आणि बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच. म्हणजे जोडप्याला आज पूर्वीपेक्षा फार लवकर आणि फार जास्त कळतं. नातेवाइकांना मात्र पूर्वीपेक्षा कमी कळतं, कारण 'तीन महिने कुणाला सांगायचं नाही' हा नियम आपण ठेवला आणि चोरओटीतल्या त्या चौघी काढून टाकल्या. प्रश्न येतो तो नेमका या दरीत. विचारणाऱ्याला वाटतं अजून काही सुरूच झालेलं नाही, आणि ऐकणारीचं कालच क्युरेटिंग झालेलं असतं.

माझ्या मावसबहिणीचं तसंच झालं. ती बोरिवलीला राहते, आणि हे लिहायला तिने परवानगी दिली आहे. पहिल्या वेळी नवव्या आठवड्यात ठोके थांबले. तिने ऑफिसात व्हायरल सांगून तीन दिवस रजा घेतली. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा आपल्याकडे १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यापासून आहे, पण ती मागायची तर कागद द्यावा लागतो आणि ऑफिसला कळतं, म्हणून तिने मागितली नाही. दुसऱ्या वेळी आठव्या आठवड्यात तेच. तेव्हा तिने डॉक्टरांना तपासण्यांचं विचारलं. उत्तर मिळालं, "दोनदा कुणाचंही होतं. तिसऱ्यांदा झालं तर बघू."

हा तीनचा आकडा कुठून आला, तेही सांगायला हवं. १९३८ मध्ये माल्पास नावाच्या इंग्रज डॉक्टरने आकडेमोड करून मांडलं की सलग तीन गर्भपातांनंतर चौथाही होण्याची शक्यता ७३ टक्के असते. हा आकडा प्रत्यक्ष बायकांचा पाठपुरावा करून काढलेला नव्हता, गृहीतकांवर उभा होता, आणि पुढे तो फार फुगवलेला ठरला. कितीतरी बायकांना तिसऱ्यानंतरही पुढचं मूल नीट होतं. पण 'सलग तीन' ही व्याख्या पाठ्यपुस्तकांत बसली आणि कित्येक दशकं तपासणीच्या दारावर राखण करत राहिली. अमेरिकेतल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये आणि युरोपातल्या संघटनेने त्यानंतर काही वर्षांनी ती दोनवर आणली. ब्रिटनमध्ये अजूनही बऱ्याच ठिकाणी तीन धरतात. त्यामुळे आज मुंबईत एका डॉक्टरकडे दुसऱ्यानंतर तपासण्या सुरू होतात आणि दुसऱ्याकडे तिसऱ्याची वाट बघतात. दोनदा झालं असेल तर तपासण्या मागणं वावगं नाही.

बहिणीचं तिसरंही गेलं. या वेळी नवीन डॉक्टर बाईंनी क्युरेटिंगच्या आधीच सांगितलं, की निघालेल्या गर्भाच्या पेशी गुणसूत्रांच्या तपासणीला पाठवायच्या आहेत, तेव्हा त्या फॉर्मॅलिनमध्ये नकोत, सलाईनमध्ये हव्यात. फॉर्मॅलिनमध्ये टाकलं की पेशी मरतात आणि गुणसूत्रं वाढवून बघता येत नाहीत. आधीच्या दोन्ही वेळी बरणीत फॉर्मॅलिन होतं. ही एवढीशी गोष्ट कुणी आधी सांगितली असती तर एक उत्तर आधी मिळालं असतं, असं ती अजून म्हणते. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये दोष गर्भाच्या गुणसूत्रांतच असतो, आणि तसं असेल तर बाईने काय खाल्लं, कुठे गाडी पकडायला धावली, याचा काही संबंध राहत नाही. तिच्या अहवालात गुणसूत्रं ठीक निघाली. म्हणजे शोध तिच्याकडे वळला. थायरॉइड ठीक, गर्भाशयाचा आकार ठीक. अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज मात्र वाढलेल्या.

या अँटिबॉडीज रक्त गोठण्याकडे झुकवतात आणि वारेच्या वाढीत अडथळा आणतात. पण एका तपासणीवर निदान करत नाहीत, कारण साध्या तापानंतरही त्या काही काळ वर जाऊ शकतात. किमान बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यावं लागतं. ही बारा आठवड्यांची वाट आणि त्यात आलेले गणपती, हा तिचा सगळ्यात वाईट काळ. आरतीनंतर प्रसाद घेताना कुणीतरी म्हणालं, "पुढच्या वर्षी तिघं येऊ दे." ती पातेलं घासायच्या निमित्ताने मोरीत जाऊन उभी राहिली.

आणखी एक प्रश्न तिला सारखा यायचा, आणि तोही मुंबईतच जन्मलेला आहे. ६ ऑगस्ट १९८६ ला परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून हर्षाचा जन्म झाला आणि 'टेस्ट ट्यूब बेबी' हा शब्द गिरणगावातल्या घराघरांत पोचला. त्याआधी आठ वर्षं कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे साधलं होतं, पण त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. मूल नाही म्हणजे नशीब, ही समजूत केईएममधल्या त्या बातमीने हलवली, हे मोठं काम झालं. पण तेव्हापासून 'काही नवीन?'च्या जोडीला 'मग ट्रीटमेंट का घेत नाही?' आलं. नशिबाला विचारता येत नव्हतं, ट्रीटमेंटचा जाब विचारता येतो. शिवाय आयव्हीएफने गर्भ तयार करून आत सोडता येतो. तो टिकणं हा वेगळा प्रश्न आहे, आणि बहिणीची अडचण तीच होती. हे प्रत्येक मावशीला समजावणं तिच्या ताकदीबाहेर गेलं होतं. नवऱ्याची वीर्यतपासणी झाली का, हे तिला एकदाही कुणी विचारलं नाही, हेही इथे नोंदवते.

दुसरी तपासणीही पॉझिटिव्ह आली. अशा बायकांना नुसत्या अ‍ॅस्पिरिनपेक्षा अ‍ॅस्पिरिनबरोबर रक्त गोठू न देणारं हेपॅरिन दिलं तर जास्त मुलं जगतात, हे १९९७ मध्ये लंडनच्या एका अभ्यासात दिसलं होतं: ४२ टक्क्यांवरून ७१ टक्के. हेपॅरिनचं इंजेक्शन पोटाच्या कातडीखाली रोज घ्यायचं असतं, आणि महिनाभरात पोटावर निळे-पिवळे डाग पडतात. हे लपवायला जागाच नव्हती, कारण इंजेक्शन सकाळी सासूबाई द्यायच्या.

तिथे गोष्ट वळली. चौथ्या वेळी तिने ठरवलं की तीन महिने गुप्त ठेवायचंच नाही, निदान चार माणसांपासून नाही. आणि प्रश्नांची उत्तरं ती देणार नाही, नवऱ्याच्या बाजूची सासूबाई देतील, आमच्या बाजूची मी. सासूबाईंनी गौरीच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना लिहिलं, "हिची तीन बाळं गेली आहेत. औषध चालू आहे. विचारायचं असेल तर मला फोन करा, तिला काही म्हणू नका." त्या 'बाळं' या शब्दावर नवरा म्हणाला, "एवढं कशाला?" त्यांनी तो बदलला नाही.

त्या संध्याकाळी सासूबाईंना सात फोन आले. पाच जणींनी बहिणीबद्दल फारसं विचारलंच नाही. त्या आपापलं सांगत बसल्या. विरारच्या आत्या, ज्या दर सणाला 'काही नवीन?' म्हणायच्या, त्यांचा फोन सगळ्यात लांबला. त्यांचं लग्नानंतरचं पहिलं सातव्या महिन्यात गेलं होतं. मुलगी होती. त्यांच्या नवऱ्याशिवाय हे कुणालाच माहीत नव्हतं.