पडद्याच्या आत काय असतं: आमच्या ताईंसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

आमच्या पार्लरच्या काउंटरवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न दराचा नसतो. "आत पुरुष माणूस कोणी नाही ना?" हा असतो. कधी ताई स्वतः विचारतात, कधी सोबत आलेल्या सासूबाई, कधी बाहेर गाडीवर थांबलेले वडील. प्रश्न रास्त आहे. "फक्त महिलांसाठी" एवढी पाटी हे त्याचं पुरेसं उत्तर नाही, पाटी कोणीही रंगवून लावू शकतं. म्हणून आमच्याकडे आत नेमकं काय आहे, कोण आहे आणि आमचं कुठे चुकलं होतं, ते या पत्रकात लिहिलं आहे.

दार, काच आणि आरसा

पार्लर सुरू केलं तेव्हा पुढच्या काचेवर आम्ही गडद, चकाकणारी फिल्म लावली होती. दुपारी बाहेरून काही म्हणता काही दिसायचं नाही, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. एका संध्याकाळी मी समोरच्या दुकानातून सामान घेऊन रस्ता ओलांडत होते. वर पाहिलं तर खुर्चीत केस मोकळे सोडून बसलेल्या काकू मला रस्त्यावरून स्पष्ट दिसत होत्या. त्या एरवी डोक्यावरचा पदर कधी ढळू देत नाहीत.

कारण साधं आहे. अशी फिल्म ज्या बाजूला उजेड जास्त असतो, त्या बाजूला आरशासारखी वागते आणि अंधाऱ्या बाजूने आरपार दिसते. दुपारी उजेड रस्त्यावर असतो. दिवेलागणीला तो आत येतो आणि फिल्म उलटी होते. दुसऱ्याच दिवशी आम्ही काचेच्या आत आडवी प्लायवूडची भिंत घातली. आता दार उघडल्यावर आधी भिंत दिसते, मग वळून जाड पडदा, आणि त्यानंतर खुर्च्या. तुम्ही दुसऱ्या कोणत्याही पार्लरला जात असाल तर काचेची परीक्षा रात्री आठ वाजता बाहेर उभं राहून करा, दुपारी करू नका.

आरशाबद्दल भीती असते, तीही याच नियमाने तपासता येते. नख आरशाला टेकवायचं आणि प्रतिबिंबात फट दिसते का बघायची, हा उपाय मोबाईलवर फिरत असतो. तो भरवशाचा नाही, कारण फट दिसणं न दिसणं हे काचेच्या कोणत्या बाजूला मुलामा आहे त्यावर ठरतं. त्यापेक्षा खोलीतला दिवा बंद करा, मोबाईलची बॅटरी आरशाला अगदी चिकटवून धरा आणि दोन्ही हातांचा आडोसा करून आत बघा. मागे मोकळी जागा असेल तर ती उजळून दिसते. भिंतीला लावलेला साधा आरसा असेल तर फक्त तुमचाच चेहरा दिसतो. आमच्या केबिनमध्ये हे करून बघायला आम्ही स्वतःहून सांगतो. कोणी केलं तर आम्हाला वाईट वाटत नाही.

कॅमेरा आमच्याकडे एकच आहे, बाहेरच्या दारावर. तो काय दाखवतो ते काउंटरवरच्या स्क्रीनवर सगळ्यांना दिसतं. बसवणाऱ्याने दिलेला पासवर्ड आम्ही त्याच दिवशी बदलला. कंपनीचा मूळ पासवर्ड तसाच राहिला तर बाहेरचा माणूस इंटरनेटवरून कॅमेऱ्यात डोकावू शकतो. पुष्कळ दुकानांत तो वर्षानुवर्षं तसाच असतो.

वॅक्सिंगच्या केबिनला पडदा नाही, दार आहे आणि कडी आतून आहे. भिंत छतापर्यंत नेली आहे, कारण पडद्याने दिसणं थांबतं, ऐकू येणं थांबत नाही. अशी केबिन एकच असल्याने सिद्धेश्वराच्या यात्रेच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत वेळ लवकर मिळत नाही. गर्दी झाली म्हणून बाहेर पडदा ओढून काम उरकणं आम्ही करत नाही. त्या दिवसांत कृपया चार-पाच दिवस आधी फोन करा.

एका फोटोची गोष्ट

लग्नाच्या आदल्या दिवशी एक नवरी आंबाड्याची रंगीत तालीम करायला आली होती. आमच्याकडच्या मुलीने मागून फोटो काढला. चेहरा दिसत नव्हता, म्हणून तिला वाटलं हरकत नाही, आणि तिने तो स्टेटसला ठेवला. पण ब्लाउजच्या पाठीवर आरीकामाचा मोर होता. तो कारागिराकडून खास करून घेतलेला, दुसरीकडे कुठे नसलेला. तासाभरात नवरीच्या होणाऱ्या नणंदेने तो ओळखला. "लग्नाआधीच फोटो गावभर" म्हणून त्या घरात रात्री बोलाचाली झाली. नवरीची आई आम्हाला फोनवर रडत म्हणाली, "आम्ही तुमच्याकडे विश्वासाने पाठवली होती हो."

फोटो काढला आहे हे नवरीला सांगितलंच नव्हतं, चूक तिथे झाली. चेहरा झाकला म्हणजे माणूस झाकला गेला असं होत नाही. दागिना, मेंदी, ब्लाउज, केसांची लांबी, यावरून सोलापुरात माणूस लगेच ओळखू येतं. आम्ही दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आलो.

तेव्हापासून काम करणाऱ्या सगळ्यांचे मोबाईल काउंटरच्या खणात असतात. घरून तातडीचा फोन आला तर काउंटरवरच्या ताई बोलावतात. कामाचा नमुना दाखवायचा असेल तर आम्ही स्वतःच्या केसांवर करून दाखवतो. तुम्हाला आठवण म्हणून फोटो हवा असेल तर तुमच्याच मोबाईलवर काढून देतो, आमच्याकडे प्रत राहत नाही.

आमच्या हातात काय नाही, तेही सांगतो. मोठ्या खोलीत शेजारच्या खुर्चीवरच्या ताईंनी सेल्फी घेतला आणि मागे तुम्ही आलात, असं होऊ शकतं. आम्ही सगळ्यांना मोबाईल पर्समध्ये ठेवायची विनंती करतो, पण कोणाची पर्स तपासत नाही. ज्या ताई हिजाब घेतात किंवा ज्यांना केस कोणालाच दिसायला नको असतात, त्यांनी वेळ घेतानाच सांगावं. त्यांचं सगळं काम आम्ही केबिनमध्ये करतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

कायद्याचंही एक माहीत असू द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार खासगी अवस्थेतल्या बाईचं तिच्या संमतीशिवाय चित्रण करणं किंवा ते पसरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी किमान १ वर्ष आणि जास्तीत जास्त ३ वर्षं शिक्षा आहे. फोटो काढायला हो म्हटलं म्हणजे पसरवायला हो म्हटलं असं होत नाही, हेही त्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे.

हात लावणारी बाई कोण आहे

आमच्याकडे पाचजणी आहेत. नवी मुलगी घेताना आम्ही तिच्या घरी जाऊन येतो, आधी जिथे काम केलं तिथे विचारतो आणि पोलिसांकडचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतो. दाखला म्हणजे हमी नाही. त्यात फक्त तिच्यावर काही नोंद आहे का, एवढंच कळतं. म्हणून पहिले तीन महिने ती आयब्रो आणि केस धुणं एवढंच करते आणि केबिनमध्ये एकटी जात नाही. त्या तीन महिन्यांत हात किती सफाईदार आहे यापेक्षा एका ग्राहकाचं बोलणं ती दुसऱ्या ग्राहकाला सांगते का, याकडे आमचं लक्ष असतं. हात शिकवता येतो. तोंडाची सवय मोडायला फार जड जातं, आणि तेवढ्यावरून आम्ही दोन चांगल्या कारागीर मुलींना नाही म्हटलं आहे.

प्लंबर, वायरमन, एसीवाला सोमवारी सकाळी येतात, तेव्हा ग्राहक नसतात. मध्येच काही फुटलं तर आधी सगळ्यांना सांगतो, सगळ्या आवरून बसल्याशिवाय माणूस आत घेत नाही. सहा वर्षांवरचा मुलगा सोबत असेल तर तो बाहेरच्या बाकावर, काउंटरवरच्या ताईंच्या नजरेसमोर बसतो.

बोलण्याची रीत

मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, ज्या भाषेत तुम्हाला बरं वाटेल तीत आमच्यातली कोणी ना कोणी बोलते. ताई, काकू, अक्का, आपा, आजी, जे तुमच्या घरात म्हणतात तेच आम्ही म्हणतो. "रंग उजळेल", "केस किती गळलेत", "अजून गोड बातमी नाही का" ही वाक्यं आमच्याकडे कोणी बोलायची नाहीत. बोलली तर काउंटरवर सांगा.

काही गोष्टी मात्र विचाराव्याच लागतात. पिंपल्ससाठी डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या दिल्या असतील तर कातडी नाजूक होते आणि वॅक्सच्या पट्टीबरोबर सालटं निघू शकतं. गोळ्या बंद झाल्यावरही साधारण सहा महिने वॅक्सिंग टाळायला सांगतात. दिवस गेले असतील तरी काही कामं आम्ही करत नाही. हे प्रश्न आम्ही केबिनचं दार लावून, हळू आवाजात आणि सोबतच्या माणसाला बाहेर बसवून विचारतो. मोकळ्या खोलीत विचारलं की ताई लाजून "काही नाही" म्हणतात, आणि त्रास घरी गेल्यावर सुरू होतो.

मोबाईलवर आम्ही फक्त "उद्या अकराची वेळ आहे, यायचं ना?" एवढंच पाठवतो. काय काम आहे ते लिहीत नाही, कारण घरातला मोबाईल कोणाच्याही हातात असतो. बिलावरही फक्त रक्कम असते. कामाची यादी हवी असेल तर वेगळी देतो.

आता थोडं अवघड. कधी सासूबाईंचा फोन येतो, "सुनेने केस कापले का हो?" त्यांची काळजी आम्हाला कळते, वयाचा मानही आम्ही राखतो. पण उत्तर आम्ही एकच देतो: "काकू, तिलाच विचारा ना." उद्या सूनबाईंनी तुमच्याबद्दल विचारलं तरी हेच सांगू. सोबत आलेल्या कोणी "एवढे नको, अजून कमी कर" म्हटलं, तर आम्ही कात्री खाली ठेवतो आणि खुर्चीतल्या ताईंना विचारतो. तिने हो म्हटलं तरच पुढे. अठराच्या आतली मुलगी असेल तर तिच्या आईला विचारल्याशिवाय केसांना रंग किंवा कात्री लावत नाही. यामुळे एक-दोन घरं आमच्यावर नाराज झाली. तरी हा नियम आम्ही बदलणार नाही. घराचा विश्वास आम्हाला हवा आहे, पण आत बसलेल्या बाईने आमच्यावर टाकलेला विश्वास खर्चून तो आम्हाला मिळवायचा नाही.

वडिलांना, भावाला किंवा नवऱ्याला जागा स्वतः बघायची असेल तर सोमवारी सकाळी नऊ ते अकरा या वेळात जरूर या. आधी फक्त एक फोन करा. केबिन, आरसे, कॅमेऱ्याची स्क्रीन, सगळं उघडं असतं. मोबाईलची बॅटरी चार्ज करून आणा.