एकाच बफरची चार उत्तरं: सामूच्या गणितातल्या चुका कुठून आल्या

०.१० मोलर ॲसिटिक आम्ल आणि ०.२० मोलर सोडियम ॲसिटेट एकाच द्रावणात आहेत, म्हणजे हे बफर द्रावण आहे. सामू, म्हणजे पीएच, किती? उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या की १.००, ४.४६, ५.४५ आणि ६.९४ असे आकडे हमखास सापडतात. बरोबर उत्तर ५.०६ आहे. चुकीचे चारही आकडे आळसातून आलेले नाहीत. प्रत्येकामागे या गणिताच्या इतिहासातला एकेक टप्पा आहे, आणि तो माहीत असला की आकडा बघूनच चूक कुठे झाली ते सांगता येतं.

सुरुवात १.०० पासून करू. आम्ल ०.१० मोलर आहे, म्हणून हायड्रोजन आयनही ०.१० मोलर, असं धरलं की हे उत्तर येतं. थोडक्यात, आम्लाचं पूर्ण विचरण झालं, म्हणजे त्याचे सगळे रेणू आयनांत फुटले, असं मानलं. गंमत अशी की विचरणाची कल्पना जन्माला आली तेव्हा ती अपूर्ण विचरणाचीच होती. स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियसने १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठात प्रबंध दिला आणि १८८७ मध्ये सिद्धांत नीट मांडला: पाण्यात विरघळलेल्या पदार्थाचा काही अंश आयनांमध्ये फुटतो, आणि तो किती हे विद्युतवाहकतेवरून काढता येतं. पुढच्याच वर्षी विल्हेल्म ओस्टवाल्डने त्याला समतोलाच्या गणितात बसवलं. ०.१० मोलर ॲसिटिक आम्ल एकटंच असेल तर त्याच्या नियमानुसार जेमतेम १.३ टक्के रेणू फुटतात आणि सामू २.८८ येतो. शंभरातले साधारण नव्व्याण्णव रेणू अखंडच राहतात.

मग 'पूर्ण विचरण' आलं कुठून? ओस्टवाल्डचा नियम सौम्य आम्लांना चपखल लागू पडला, पण हायड्रोक्लोरिक आम्लासारख्या तीव्र आम्लांना काही केल्या लागू पडेना. संहती बदलली की स्थिरांकच बदलायचा. अऱ्हेनियसच्या पद्धतीने ०.१० मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचं विचरण सुमारे ९२ टक्के निघत होतं. १९२३ मध्ये डिबाय आणि ह्यूकेल यांनी वेगळं चित्र मांडलं. तीव्र विद्युत अपघटनी पदार्थ पूर्णपणे फुटलेले असतात, पण विरुद्ध प्रभाराचे आयन एकमेकांना ओढून धरतात, म्हणून त्यांचा परिणाम कमी भासतो. त्या आम्लाचा सामू मोजला तर १.०० ऐवजी १.१ च्या आसपास भरतो, तोही याचमुळे. पाठ्यपुस्तकांत यातून 'तीव्र आम्लाचं पूर्ण विचरण होतं' एवढं एक वाक्य उतरलं, आणि विद्यार्थ्याच्या डोक्यात पोचेपर्यंत त्यातला 'तीव्र' हा शब्द गळून पडला. आपल्या द्रावणात तर फसगत आणखी सोपी आहे, कारण त्यातला सोडियम ॲसिटेट हा क्षार खरोखरच पूर्ण फुटतो. अर्धं गृहीतक बरोबर असतं आणि तेच शेजारच्या आम्लालाही लावलं जातं.

बाकीच्या तीन चुका लॉगच्या. बफरचं मूळ सूत्र मात्र लॉगविना होतं. हार्वर्डमध्ये लॉरेन्स हेंडरसनने १९०८ मध्ये रक्त आपला आम्लपणा कसा सांभाळतं याचा अभ्यास करताना ते मांडलं:

```
[H+] = Ka × [HA]/[A-]
```

इथे Ka म्हणजे आम्लाचा विचरण स्थिरांक, HA म्हणजे न फुटलेलं आम्ल आणि A- म्हणजे क्षारातून आलेला आयन. पुढच्याच वर्षी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत विकरांवर काम करणाऱ्या सोरेन्सनने हायड्रोजन आयनांची संहती दहाच्या ऋण घातांकाने लिहायची सोय काढली. सामूचा जन्म तो. पुढे १९१६-१७ च्या सुमारास डेन्मार्कच्याच हॅसलबाल्खने हेंडरसनचं सूत्र सोरेन्सनच्या भाषेत लिहिलं:

```
pH = pKa + log([A-]/[HA])
```

pKa म्हणजे Ka चा ऋण लॉग, ॲसिटिक आम्लासाठी तो ४.७६. दोन्ही सूत्रं शेजारी ठेवून बघा. हेंडरसनच्या सूत्रात आम्ल वर आहे, हॅसलबाल्खच्या सूत्रात आम्ल खाली. ऋण चिन्ह आत शिरलं आणि गुणोत्तर उलटलं. एक सूत्र पाठ करून दुसऱ्याचं गुणोत्तर वापरलं की ४.७६ मध्ये ०.३० मिळवण्याऐवजी वजा होतात आणि ४.४६ येतं. ही चूक चांगलीच लबाड आहे. आम्ल आणि क्षार सारख्या संहतीचे असतील तर गुणोत्तर एक, त्याचा लॉग शून्य, आणि सूत्र उलटं लिहूनही उत्तर बरोबर. म्हणून सरावाचं पहिलं उदाहरण समसमान संहतीचं असू नये, असं माझं ठाम मत आहे. पकडायची कशी? इथे क्षार आम्लापेक्षा जास्त आहे, तेव्हा सामू ४.७६ च्या वरच असायला हवा. ४.४६ हे खाली आहे, म्हणजे गुणोत्तर उलटलं.

५.४५ हा कॅल्क्युलेटरचा प्रताप. log ऐवजी ln ची कळ दाबली गेली आणि ०.३० च्या जागी ०.६९ आले. सूत्रातला लॉग दहा पायाचा आहे, कारण सोरेन्सनने घातांक दहाचाच घेतला होता.

६.९४ ही चूक जुन्या लॉग टेबलच्या काळातली, पण अजून जिवंत आहे. हेंडरसनच्या सूत्राने गेलं तर:

```
[H+] = 1.75×10^-5 × 0.10/0.20 = 8.75×10^-6
```

टेबलात ८.७५ चा लॉग ०.९४२ मिळतो आणि घातांकाचे उणे सहा. जुनी मंडळी ते 'बार सहा पॉइंट नऊशे बेचाळीस' असं म्हणत. बार फक्त सहावर असतो, दशांश भाग धनच राहतो. म्हणून बेरीज उणे ५.०५८ आणि सामू ५.०६. बार सगळ्या संख्येवर आहे असं समजलं की उणे ६.९४२ होतात. तपासायला टेबलही लागत नाही: ८.७५×१०⁻⁶ ही संख्या १०⁻⁵ आणि १०⁻⁶ यांच्या मधली आहे, तेव्हा सामू पाच आणि सहाच्या मध्येच पडला पाहिजे.

माझी स्वतःची पद्धत अशी की हॅसलबाल्खच्या सूत्राने उत्तर काढायचं आणि हेंडरसनच्या सूत्राने ताडून बघायचं. लॉगविना आलेली संहती शेवटी आणखी एका कामाला येते. हेंडरसनने आम्ल जवळजवळ फुटतच नाही असं धरलं होतं, म्हणजे पूर्ण विचरणाच्या अगदी उलट टोकाचं गृहीतक. आपल्या द्रावणात ०.१० मोलरपैकी फुटलेला भाग ८.७५×१०⁻⁶, एका टक्क्याचा शंभरावा हिस्साही नाही, तेव्हा ते बिनधास्त चालतं.

पण तेच क्लोरोॲसिटिक आम्लाला लावून पाहा. त्याचा pKa २.८७ आहे. आम्ल आणि क्षार दोन्ही ०.०१० मोलर घेतले तर सूत्र सामू २.८७ देतं, म्हणजे हायड्रोजन आयन ०.००१३५ मोलर. पण हे आयन आम्लातूनच आलेले असणार, म्हणजे १३ टक्के आम्ल फुटलं. मग आम्ल ०.०१० उरलं कुठे? फुटलेला भाग x धरून आम्लातून वजा करायचा, आयनात मिळवायचा:

```
x(0.010 + x)/(0.010 - x) = 1.35×10^-3
x = 1.09×10^-3,  pH = 2.96
```

इथे लॉग बरोबर, गुणोत्तर सुलट, कळही योग्य, आणि तरी पहिलं उत्तर ०.०९ ने चुकलेलं होतं.